नकाशावर ८ किमी, लोक सांगतात २५ किमी. टोपोशीटवरून अंतर काढायला मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. शाळेच्या स्काउट-गाइड पथकाला थंडीत महाडहून रायगडापर्यंत पायी न्यायचं आहे. अंतर मोबाइलवर न बघता मुलांनी नकाशावरून काढावं, म्हणजे रोज किती चालायचं आणि मुक्काम कुठे टाकायचा हे त्यांचं त्यांना ठरवता येईल, अशी माझी फार इच्छा आहे. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून त्या भागाची १:५०,००० ची टोपोशीट उतरवून घेतली आणि झेरॉक्सच्या दुकानातून ए-थ्री कागदावर रंगीत प्रिंट काढून आणली.

गणित सोपं आहे. कागदावरचा १ सेमी म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेमी, म्हणजे ५०० मीटर. म्हणून २ सेमीला १ किमी. मुलांनाही ते लगेच समजलं. आता महाड शहर ते रायगडाचा माथा पट्टीने सरळ मोजलं तर १६ सेमी भरतं, म्हणजे ८ किमी. महाडहून गडाच्या पायथ्याशी गाडीने जाणारे मात्र २५ किमीच्या आसपास सांगतात. नकाशावर १:५०,००० स्पष्ट छापलंय. मग एवढा फरक कशाने पडतोय?

घाटमाथा

ताई, तुम्ही सरळ रेषा मोजलीत, गाडी काही सरळ रेषेत जात नाही. कोकणातले रस्ते नदी आणि डोंगर बघून फिरतात. शिवणाचा दोरा घ्या, ओला करा म्हणजे कागदाला चिकटून राहतो, आणि रस्त्याच्या लाल रेषेवरून वळणावळणाने बसवत जा. मग दोरा सरळ करून पट्टीवर मोजा आणि दोनने भागा. फरक मिटेल.

रानजाई

आत्ताच करून बघितलं. दोरा २१.५ सेमी भरला. दोनने भागले की पावणेअकरा किमी. अजून निम्म्यालाही पोचत नाही.

बांधावरचा

विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. आमच्या शेताजवळची विहीर आणि पाझर तलाव अशाच शीटवर दाखवलाय. दोन्हींच्या मधला आमचा तुकडा मोजायचा आहे, भावाबरोबर बांधावरून वाद चालू आहे. १ सेमीला ५०० मीटर, म्हणजे १ चौरस सेमीला ५०० चौरस मीटर धरून गुंठे काढले तर चालतील ना?

प्लेनटेबल

रानजाई, तुमचं गणित बरोबर आहे, कागद बदललाय. १:५०,००० हे प्रमाण खातं ज्या आकारात शीट छापतं त्याच आकाराला लागू पडतं. ही शीट उत्तर-दक्षिण १५ मिनिटं आणि पूर्व-पश्चिम १५ मिनिटं एवढा भाग दाखवते. आपल्या अक्षांशावर मूळ कागदावर नुसत्या नकाशाचीच उंची ५५ सेमीच्या पुढे जाते, समास आणि खुणांची सूची वेगळी. ए-थ्री कागदाची लांब बाजू ४२ सेमी. तो नकाशा त्यात अख्खा बसला याचाच अर्थ प्रिंटरने तो लहान करून बसवला. चित्र आकसलं, छापलेले आकडे मात्र जसेच्या तसे राहिले.

आता तुमच्या हातातल्या प्रिंटचं खरं प्रमाण काढू. नकाशाच्या खाली किलोमीटरची पट्टी आखलेली असते, शाळेच्या पुस्तकात तिला रेषाप्रमाण म्हणतात. नकाशा आकसला की तीही तेवढीच आकसते, म्हणून ती खरं सांगते. शून्याच्या डाव्या बाजूला किलोमीटरचे बारीक भाग पाडलेले असतात, ते सोडा. शून्यापासून उजवीकडे ५ किमीच्या खुणेपर्यंत मोजा आणि इथे लिहा. मूळ आकारात ते १० सेमी भरायला हवं.

रानजाई

४.७ सेमी भरलं!

प्लेनटेबल

मग तुमच्या प्रिंटवर १ सेमीला ५ भागिले ४.७, म्हणजे साधारण १.०६ किमी. प्रमाण झालं जवळपास १:१,०६,०००. सरळ रेषेतले १६ सेमी म्हणजे १७ किमी. दोऱ्याचे २१.५ सेमी म्हणजे जेमतेम २३ किमी. आता आकडे माणसांत आले.

अजून एक पडताळा घ्या, कारण पाच सेमीच्या पट्टीवर अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी उत्तर शेकडा एकने हलतं. नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला अक्षांशाचे आकडे आहेत. तिथे पाच मिनिटांचं अंतर उभं मोजा. आपल्याकडे अक्षांशाची पाच मिनिटं म्हणजे ९.२२ किमी. तुमच्या प्रिंटवर ते ८.७ सेमीच्या आसपास भरलं पाहिजे. हे वरच्या किंवा खालच्या कडेवर आडवं मोजू नका. रेखांश उत्तरेकडे जवळजवळ येत जातात, म्हणून रायगडाच्या पट्ट्यात आडवी पाच मिनिटं ८.८ किमीच भरतात. ९.२२ धरून आडवं मोजलंत तर प्रत्येक अंतर जवळपास शेकडा पाचने जास्त येईल.

ही अक्षांशाची पद्धत मला खालच्या पट्टीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. लोक नकाशाचा हवा तेवढाच तुकडा कापून एकमेकांना पाठवतात, त्यात पट्टी कधीच नसते. कडेचे आकडे निदान एका बाजूला शिल्लक असतात.

झोळणा

काका, मग मोबाइलवर पीडीएफ उघडून तिथेच पट्टी लावली तर?

प्लेनटेबल

स्क्रीनवर बोटांनी मोठंलहान केलं की दर वेळी प्रमाण बदलतं. तिथे सेंटिमीटर विसरून जा. खालची पट्टी आणि रस्ता दोन्ही एकाच झूमला ठेवून कागदाच्या कपट्यावर खुणा करा आणि कपटा पट्टीपाशी न्या. भागाकाराची गरजच पडत नाही.

रानजाई

उभं मोजलं, ८.७ च! काका, मनापासून धन्यवाद. आता मुलांसाठी मूळ आकाराची प्रिंट हवी असेल तर दुकानात नेमकं काय सांगायचं?

झोळणा

हे मी सांगतो, माझं रोजचं काम आहे. छपाईच्या खिडकीत आपोआप `Fit` निवडलेलं असतं, ते काढून `Actual size` करायला सांगा. पण ए-थ्रीवर तसं केलं तर नकाशाचा मधलाच भाग छापला जाईल. मोठा प्लॉटर असलेलं दुकान गाठा, बांधकामाचे नकाशे काढणाऱ्यांकडे असतो. नाहीतर `Poster` निवडून ए-थ्रीच्या तुकड्यांत काढा आणि चिकटवा. `Poster` मध्ये टक्क्यांचा रकाना असतो, तिथे १०० च आहे ना बघा. पैसे देण्याआधी दुकानातच पट्टी लावा, ५ किमीला १० सेमी भरले की झालं.

ट्रेकवेडा

सगळे सपाटीचं बोलताय, चढाचं काय? नकाशा म्हणजे वरून बघितलेलं अंतर. पाचाडवरून चित दरवाज्याने चढताना अंतर दुप्पट होत असणार. माझ्या घड्याळात नेहमी नकाशापेक्षा खूप जास्त येतं.

प्लेनटेबल

नकाशावरचं अंतर आडवं असतं हे खरं, पण चढामुळे ते दुप्पट होत नाही. नकाशावर २ किमी भरणारी वाट धरा आणि त्यात ५०० मीटर चढ धरा, म्हणजे चांगलाच दमवणारा. काटकोन त्रिकोण मांडून बघा, प्रत्यक्ष चाल २.०६ किमी येते. म्हणजे ६० मीटर जास्त. दुप्पट व्हायला साठ अंशांचा उतार लागेल, तिथे चालता येत नाही, दोर लावावा लागतो.

तुमच्या घड्याळातला फरक नागमोडी वळणांचा आहे. पायऱ्या आणि पायवाटा दहा-वीस पावलांवर वळतात. मूळ १:५०,००० वर १ मिमी म्हणजे ५० मीटर, त्याहून लहान वळण काढणार कुठे? चितारणारा ती सगळी मिळून एक रेघ ओढतो. चढाचा हिशोब अंतरात नको, वेळेत धरा.

घाटमाथा

म्हणजे वळणांचं मी म्हणत होतो ते अगदीच चूक नव्हतं.

प्लेनटेबल

बिलकूल नव्हतं. १७ चे २३ वळणांनीच झाले. पण ८ चे १७ वळणांनी होत नाहीत, ते आधी तपासायला हवं होतं.

बांधावरचा

माझा प्रश्न राहिला.

प्लेनटेबल

विसरलो नाही. पहिली गोष्ट, क्षेत्रफळाला प्रमाण दोनदा लागतं, लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा. १ चौरस सेमी म्हणजे ५०० गुणिले ५०० मीटर, म्हणजे २५ हेक्टर. तुम्ही धरलेल्या ५०० चौरस मीटरच्या पाचशेपट. दुसरी गोष्ट, एक एकराचा चौकोन धरला तर त्याची बाजू साधारण ६४ मीटर असते, आणि या नकाशावर ती सव्वा मिमी येते. पेन्सिलीच्या टोकाखाली अख्खं शेत झाकलं जाईल. शिवाय विहिरीची खूण दिसावी म्हणून मोठी काढलेली असते, तिच्या कडेपासून मोजायला गेलात तर वीस-तीस मीटर सहज इकडेतिकडे होतील. बांधाच्या वादात हा कागद कुणालाच दाखवू नका. त्यासाठी गट नकाशा आहे, आणि त्यानेही भागलं नाही तर भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणीचा अर्ज करा.

बांधावरचा

मोजणीला भाऊ तयार नाही, म्हणून तर नकाशा शोधत होतो. बघतो काय होतंय ते.

रानजाई

एक शेवटचं. दोऱ्याने २३ आणि लोक सांगतात २५, हे २ किमी कुठे गेले? मुलं हेच विचारणार.

घाटमाथा

दोरा वळण आतून कापतो. तुमच्या छोट्या प्रिंटवर १ मिमी चुकला तरी शंभर मीटर गेले. मोठ्या प्रिंटवर परत मोजा, थोडं तरी वाढेल.

झोळणा

मला वाटतं लोकांचा २५ हा आकडाच गोल केलेला असावा. कुणी एसटी स्टँडपासून धरतं, कुणी हायवेच्या फाट्यापासून, आणि शेवटही कुणाचा पाचाडला तर कुणाचा रोपवेला.

प्लेनटेबल

दोन्ही शक्य आहे. तिसरंही आहे. शीटच्या समासात पाहणी कोणत्या सालची ते छापलेलं असतं, ते बघून घ्या. त्यानंतर रस्ता नव्याने काढला असेल तर तुम्ही जुन्याच रस्त्यावर दोरा बसवत असाल. मोठी प्रिंट आली की दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम नेऊ नका. गावागावांत तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या मुलांकडून मोजून घ्या. मग प्रत्यक्ष चालताना रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी तेच तुकडे ताडून बघा. फरक सगळीकडे थोडाथोडा निघाला तर दोरा आखूड पडतोय. एकाच तुकड्यात निघाला तर तिथे रस्ता बदललाय.

रानजाई

तुकड्यांचं करते. पाहणीचं साल प्रिंटवर इतकं बारीक आलंय की वाचताच येत नाही, पीडीएफ उघडून बघून इथे लिहिते.