मदत हवी आहे: रेडिओ-पाठात मुलांच्या हातकामासाठी किती वेळ थांबावं?

इंदूरजवळच्या वस्तीतल्या तिसरीच्या मुलांसाठी हातच्याच्या बेरजेचा 15 मिनिटांचा हिंदी रेडिओ-पाठ बसवतेय. घरी टीव्ही-मोबाइल नाही, छापील कागद देता येणार नाही, पाठ एकदाच वाजेल. साहित्य म्हणजे चिंचोके आणि काड्या.

उदाहरण 27 + 15. "सात और पाँच कितने?" यानंतर 5 सेकंद थांबून आम्हीच "बारह" म्हणतो, चुकलेला तिथंच सावरतो. तोंडी उत्तराला एवढं पुरतं. अडतं ते पुढे. बारा काड्यांतल्या दहांची जुडी बांधायला 20 सेकंद दिले, तर सहापैकी दोघं मागे राहिली आणि पुढची सूचना हुकली. 40 केले, तर मुलांना रेडिओ बंद पडला वाटलं, एकानं तर बटणच फिरवलं! मागे टिकटिक ठेवली, तर काड्या सोडून टिकटिकच मोजू लागली.

आता वाटतं, बांधणं वगळावं: "दस गिनो", "अलग रखो", मग "कितनी बचीं?", प्रत्येकी 8-10 सेकंद, मध्ये ढोलकीचा एकच ठराविक तुकडा. पण जुडी हातात न येता "दहा एकक म्हणजे एक दशक" हे ठसेल का? की जुड्या पाठाआधीच बांधून ठेवायला सांगावं?