मदत हवी आहे: टाकीचं पाणी कोमट, चिकन डीफ्रॉस्ट कसं करू?

ऐरोलीत राहते. फ्रीझरमध्ये किलोभर चिकनचा घट्ट गोळा झालाय, रात्री रस्सा करायचाय. फ्रिजमध्ये खाली ठेवलं तर अख्खा दिवस जाईल. मायक्रोवेव्हच्या डीफ्रॉस्टवर कडा शिजायला लागतात, मधे बर्फ तसाच. उरतं थंड पाणी: बंद पिशवीत घालून बुडवायचं, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, दोन-तीन तासांत सुटतं. पण दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चांगलंच कोमट येतं. आतला बर्फ वितळेपर्यंत बाहेरच्या मांसात जंतू वाढायचे! सुटल्यावर लगेच शिजवणारच आहे, परत फ्रीझ करायचं नाही. पाण्यात बर्फ टाकून ते थंड ठेवलं तर वेळ साधारण किती वाढेल? की तुकडे सुटे होण्यापुरतंच वितळवून थेट कुकरला लावलं तरी आतपर्यंत शिजेल?