मदत हवी आहे: सेफ्टी स्टॉक काढताना १.६५ ने नेमकं कशाला गुणायचं?

शेल्फवाली
दुकानात पेन्सिल सेलची पाकिटं ठेवते. रोजची सरासरी विक्री १२ पाकिटं. विक्रीच्या कॉलमला `=STDEV.S(B2:B91)` लावलं तर ५ आलं. ऑर्डर दिल्यापासून माल यायला सरासरी ४ दिवस लागतात, म्हणजे तेवढ्यात ४८ पाकिटं जाणार. शिल्लक ४८ वर आल्यावर ऑर्डर दिली तर जवळजवळ निम्म्या वेळा माल यायच्या आधीच रॅक रिकामा होणार, हेही कळतंय. मला वीस ऑर्डरींमागे एखाद्या वेळीच माल संपलेला चालेल. त्यासाठी १.६५ ने गुणतात असं वाचलं. पण कशाला? ५ ला, की चार दिवसांचे मिळून २० होतात त्याला?

गल्ला
एवढं गणित लागत नाही. सगळ्यात मोठ्या विक्रीचा दिवस गुणिले सगळ्यात जास्त लागलेले दिवस, त्यातून तुमचे ४८ वजा करा. उरेल तो सेफ्टी स्टॉक. आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, माल संपत नाही.

शेल्फवाली
मोठा दिवस २४ चा होता आणि एकदा माल सहा दिवसांनी आला. १४४ वजा ४८ म्हणजे ९६. तो तर आठ दिवसांचा माल झाला!

आकडेमोड
माल संपत नाही हे खरं, पण ती रीत असं धरून चालते की सहाच्या सहा दिवस २४-२४ पाकिटं जातील, आणि तेही नेमकं माल उशिरा येईल तेव्हाच. तसं सहसा होत नाही. एक दिवस जास्त जातो, दुसरा कमी, आणि चढउतार थोडे एकमेकांना खातात.
म्हणून ५ ला चाराने नाही, चाराच्या वर्गमुळाने गुणायचं. ५ × २ = १०, त्याला १.६५ ने गुणलं की १६.५, म्हणजे १७. शिल्लक ६५ वर आली की ऑर्डर. २० धरलेत तर ८१ येतील.
मात्र हे माल दर वेळी चौथ्या दिवशीच येत असेल तर. तुमच्याकडे तो सहा दिवसांनीही आलाय. मागच्या काही ऑर्डरींना किती दिवस लागले ते सांगाल का?

शेल्फवाली
बिलांवरून काढले: ३, ४, ५, ४, ६, ३, ४, ३.

आकडेमोड
सरासरी ४, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १ दिवस. एक दिवस उशीर म्हणजे १२ पाकिटांचा फरक. म्हणजे विक्रीच्या चढउताराचे १० आणि उशिराचे १२. यांची सरळ बेरीज करायची नाही. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं:

```
=12*4 + 1.65*SQRT(4*5^2 + 12^2*1^2)
```

उत्तर ७४ येतं, त्यात सेफ्टी स्टॉक २६. ग्राहकांपेक्षा पुरवठादाराचा लहरीपणा तुम्हाला महाग पडतोय, हे नीट बघा. त्याने चौथा दिवस पक्का पाळला तर नऊ पाकिटं कमी ठेवून भागेल. आणि शिल्लक मोजताना वाटेत असलेला मालही धरा, नाहीतर एकाच गरजेसाठी दोनदा ऑर्डर जाईल.

बुधवारची_ऑर्डर
माझं थोडं वेगळं आहे. आमच्याकडे ऑर्डर फक्त बुधवारी घेतात. शिल्लक गुरुवारी ७३ झाली तर मी सहा दिवस हातावर हात धरून बसू?

आकडेमोड
तुमच्यासाठी ७४ चा उपयोग नाही. चार दिवसांत पुढच्या बुधवारपर्यंतचे सातही मिळवा, म्हणजे ११ दिवसांची सोय. हेच आकडे तुमचे असतील तर १३२ अधिक ३४, म्हणजे १६६. दर बुधवारी हातातला आणि वाटेतला माल त्यातून वजा करून उरेल तेवढा मागवायचा.

गल्ला
शेल्फवाली, तुमच्या कॉलममध्ये शून्यं आहेत का? माल नव्हता म्हणून विक्री नव्हती, अशी?

शेल्फवाली
आहेत, पाच-सहा. ती काढायची का?

आकडेमोड
गल्ला यांनी फार नेमकं विचारलं. ते कप्पे रिकामे करा, `STDEV.S` रिकामे कप्पे धरत नाही. दुपारीच माल संपला असे दिवसही काढा, कारण त्या दिवशीची मागणी किती होती ते बिलात दिसत नाही. सरासरी १२ च्या वर जाईल, सगळं पुन्हा काढावं लागेल.

शेल्फवाली
आणि २४ चा दिवस? त्यात एकाच गिऱ्हाइकाने १२ नेली होती.

गल्ला
ठेवा. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच, परत येईल.

आकडेमोड
मी काढेन, पण तो आधी कळवून येत असेल तरच. न सांगता येत असेल तर हा प्रश्न या सूत्राने सुटत नाही. अशा विक्रीत आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरत नाहीत आणि १.६५ चा अंदाज कमी पडतो.

शेल्फवाली
तो सांगून येत नाही. आधी शून्यं काढून नवी सरासरी टाकते इथे, मग त्याचं बघू.