मदत हवी आहे: ईमेलवरची लॉगिन लिंक पहिल्याच क्लिकला 'वापरून झाली आहे' म्हणते

सह्यवाट

नमस्कार. चाकण-तळेगाव भागातल्या कारखान्यांसाठी सुरक्षा प्रशिक्षणाची नोंदणी करणारं एक वेब अ‍ॅप मी आणि माझा मित्र चालवतो. साधारण २,००० खाती आहेत, बहुतेक एचआर आणि सेफ्टी विभागातल्या लोकांची. ही मंडळी वर्षातून तीन-चारदाच येतात, त्यामुळे दर वेळी पासवर्ड विसरलेला. शेवटी महिन्याभरापूर्वी आम्ही पासवर्ड काढून टाकला. आता ईमेल पत्ता टाकला की मेलवर लिंक जाते. ती १५ मिनिटं चालते आणि एकदाच वापरता येते.

जीमेल वापरणाऱ्यांचं व्यवस्थित चाललंय. पण एका मोठ्या कारखान्यातल्या सगळ्यांना पहिल्याच क्लिकला 'ही लिंक वापरून झाली आहे' असं दिसतं. तिथल्या मॅडम म्हणतात, एकदाच क्लिक केलं, आणि मला ते खरं वाटतं. परवा नोंदणीची शेवटची तारीख होती. त्यांच्या ३८ कामगारांची नावं मी फोनवर लिहून घेतली. लॉग असा आहे:

```
10:42:07 mail sent
10:42:11 GET /login/verify?token=... 302
10:43:30 GET /login/verify?token=... 410
```

मधली ओळ कुणाची? चार सेकंदांत तर त्यांनी मेल उघडलाही नसेल. पासवर्ड परत आणावा का?

काजवा७

मलाही बँकेचा ओटीपी फार उशिरा येतो. नेटवर्क बदलून पाहिलं, सिमही बदललं. एकदा फोन बंद करून चालू केल्यावर सगळे ओटीपी एकदम आले. मॅडमना तसं करायला सांगा.

सह्यवाट

काजवा७, आमचा मेल वेळेवर पोहोचतोय, आणि एसएमएस आम्ही वापरत नाही. अडचण लिंक उघडल्यावर येते.

निशिगंध

मधली ओळ माणसाची नाही. त्या कारखान्याच्या मेलवर सुरक्षा स्कॅनर बसवलेला असणार. आलेल्या मेलमधल्या लिंका तो आधी स्वतः उघडून पाहतो, की पुढे फसवं पान तर नाही ना. मायक्रोसॉफ्टचं Safe Links हे या प्रकारातलं परिचित नाव, तशी इतरही आहेत. खात्री करायची तर त्या ओळीचा आयपी पत्ता पाहा. तो कारखान्याच्या इंटरनेटचा नसेल, कुठल्यातरी डेटा सेंटरचा निघेल.

स्कॅनर त्याचं काम करतोय. चूक तुमच्या GET मध्ये आहे. नुसतं पान उघडल्याने सर्व्हरवर काही बदलू नये हा वेबचा जुना संकेत, आणि तुम्ही तिथेच टोकन खर्च करताय. GET वर फक्त 'लॉगिन करा' असं बटण असलेलं पान दाखवा. बटण दाबल्यावर POST जाऊ दे आणि टोकन तिथे वापरा:

```sql
UPDATE login_tokens SET used_at = now()
WHERE token_hash = $1
  AND used_at IS NULL AND expires_at > now()
RETURNING user_id;
```

एकाच वाक्यात तपासणी आणि खर्च दोन्ही होतं, त्यामुळे दोन क्लिक एकाच क्षणी आले तरी एकच यशस्वी होतो. बटण वाचवायला पान उघडताच जावास्क्रिप्टने फॉर्म पाठवू नका. काही स्कॅनर पान खऱ्या ब्राउझरसारखं चालवतात, मग पुन्हा तेच.

आडवाट

इतकं कशाला? आम्ही लिंक १५ मिनिटांत कितीही वेळा चालू दिली, तक्रारी थांबल्या. शिवाय लिंक कुठेही उघडली की मूळ टॅब आपोआप आत जातो. लोक मेल मोबाइलवर बघतात आणि काम संगणकावर करतात, त्यांना हे फार आवडतं.

निशिगंध

आडवाट, मोबाइल आणि संगणकाची अडचण तुम्ही बरोबर ओळखलीत. मेलच्या अ‍ॅपमध्ये लिंक तिथल्याच ब्राउझरात उघडते, लॉगिन तिथे होतं, आणि माणूस क्रोममध्ये परत येतो तर तिथे बाहेरच. पण तुमचा उपाय आजच बंद करा. समजा, मी तुमच्या साइटवर त्या मॅडमचा ईमेल टाकला. मेल त्यांना गेला, चार सेकंदांत त्यांच्या स्कॅनरने लिंक उघडली आणि माझा टॅब त्यांच्या खात्यात शिरला. मॅडमनी काहीच केलेलं नाही.

आडवाट

हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता बंद केलं.

सह्यवाट

निशिगंध, आयपी डेटा सेंटरचाच निघाला. मनापासून आभार. मग मोबाइलचं काय? लिंकऐवजी सहा आकडी कोड पाठवू का? स्कॅनरला कोड टाकता येणार नाही.

निशिगंध

कोडने स्कॅनर आणि मोबाइल या दोन्ही अडचणी सुटतात, पण नवीन हिशेब येतो. सहा आकडे म्हणजे १० लाख शक्यता. एका कोडला ५ प्रयत्न आणि तासाला १० कोड इतकी मुभा दिलीत, तर एका खात्यावर दिवसाला १,२०० अंदाज लावता येतात. हे थोडे वाटतात. पण हल्लेखोराला अमुकच खातं हवं असतं असं नाही. तुमच्या २,००० खात्यांवर मिळून ते २४ लाख होतात, म्हणजे दिवसाला सरासरी दोन-तीन खाती उघडतील. तेव्हा मर्यादा खात्यामागे ठेवाच, शिवाय पूर्ण साइटवर चुकलेल्या कोडांचा आकडाही मोजा, तो एकदम चढला की लगेच कळतं. मी स्वतः आठ अक्षरी कोड वापरते, २० व्यंजनांतून निवडलेला. शक्यता २,५६० कोटी होतात आणि स्वर नसल्याने चुकून भलता शब्दही बनत नाही.

कोडचा दुसरा धोका याने जात नाही. तुमच्यासारखंच दिसणारं खोटं पान मागून तुमच्या खऱ्या साइटवर कोड मागवतं, आणि माणूस खरा कोड खोट्या पानावर टाकतो. लिंक मात्र खऱ्या साइटवरच उघडते. म्हणून मी मेलमध्ये दोन्ही देते. ज्या ब्राउझरातून मागणी झाली त्यात एक कुकी ठेवते. लिंक तिथेच उघडली तर बटण दिसतं, दुसरीकडे उघडली तर 'मूळ खिडकीत कोड टाका' एवढंच.

वाळूघड्याळ

मी कंपनीत आयटी ऑडिट करतो, माझा अनुभव थोडा वेगळा आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं SP 800-63B हे मार्गदर्शक ईमेलला असा पडताळणीचा मार्ग म्हणून मान्यता देत नाही, कारण ठरावीक उपकरण हातात असल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. ते खूप कडक वाटेल, पण कारखान्यांत `safety@` सारखी सामायिक मेलपेटी असते. चौघे तीच उघडतात. पासवर्ड निदान एकालाच माहीत असू शकतो. आणि मेल सर्व्हर अर्धा दिवस बंद पडला तर पासवर्डवाला आत येतो, तुमचे सगळे बाहेर.

निशिगंध

मेल सर्व्हरचा मुद्दा मान्य. सामायिक पेटीचा अर्धाच, कारण 'पासवर्ड विसरलात?' चा मेलही त्याच पेटीत जातो. पासवर्ड ठेवला तरी खरी किल्ली ईमेलच, वर दुसऱ्या साइटवरून फुटलेला तोच पासवर्ड तुमच्याकडे चालण्याची भीती. एक फरक मात्र पासवर्डच्या बाजूने आहे. कुणी गुपचूप पासवर्ड बदलला तर मालकाचा जुना चालत नाही आणि त्याला कळतं. लिंकवाला शिरतो आणि लिंक पुसून टाकतो, मागे काही दिसत नाही.

सह्यवाट

बटणाचं पान काल रात्री चढवलं. आज सकाळी त्याच मॅडमच्या बाबतीत लॉगमध्ये स्कॅनरचा GET दिसला, ७० सेकंदांनी त्यांचा GET आणि मग POST. पहिल्याच प्रयत्नात आत. कोड पुढच्या आठवड्यात, आठ अक्षरांचा.

वाळूघड्याळ, तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाही. तपासलं तर ६४ खाती अशा सामायिक पत्त्यांवर आहेत. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता द्या म्हणावं, तर काही सुपरवायझरांना कंपनीचा ईमेलच नाही, आणि खाजगी ईमेल घेतला तर नोकरी सोडल्यावरही खातं त्यांच्याकडे राहील. अशा लोकांसाठी कुणी काय केलंय?

वाळूघड्याळ

आमच्याकडे एचआरच्या एका माणसाला कारखान्याचा अ‍ॅडमिन केलंय. खाजगी पत्ते तोच जोडतो आणि काढतो. काढायला तो विसरतो, यावर उपाय अजून सापडलेला नाही.