सपाट प्रसंग सुधारताना आधी काय आणायचं: वास-आवाज, संघर्ष की वळण?

पाणंद:
माझ्या कथेतला प्रसंग असा आहे:

‘सुनंदा सकाळी धाकट्या भावाबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. तिथे खूप गर्दी होती. नंबर आल्यावर तिने हक्कसोडपत्रासाठी अंगठा दिला, फोटो काढून घेतला. तिला वाईट वाटत होतं. मग भावाने तिला एसटी स्टँडवर सोडलं.’

वाचणाऱ्यांनी सपाट म्हटलं. म्हणून पंख्याची घरघर, शाईचा वास, घामट गर्दी असं सगळं घातलं. प्रसंग दुप्पट लांबला, पण सपाटच राहिला. आता भांडण घालू का? पण सुनंदा भांडणारी बाई नाही.

जुईली:
तपशील अजून कमी पडतायत, असं मला वाटतं. नाक आणि कान आले, पण स्पर्श आणि चव कुठे आहे? मी प्रत्येक प्रसंगात पाचही इंद्रियं आणतेच. ती घरून काय खाऊन निघाली, बाकडं कसं टोचतंय, हे लिहा. वाचक त्या खोलीत जाऊन बसला की पुढचं आपोआप जमतं.

दिवेलागण:
जुईली, स्पर्शाचं पटलं, पाचांची हजेरी नाही पटली. पंख्याची घरघर त्या कार्यालयात आलेल्या कुणालाही ऐकू येईल. फक्त सुनंदालाच जाणवेल, आणि ज्याच्यामुळे पुढचं काम अडेल, असा एक तपशील पुरतो. तो सापडण्यासाठी आधी ठरवावं लागेल, की त्या खोलीत तिला हवंय काय. ‘वाईट वाटत होतं’ यात ती काहीच मागत नाही, म्हणून तिच्यासमोर काही अडतही नाही.

समजा, तिला फक्त दस्त एकदा वाचायचाय. बाहेर टायपिस्टच्या टेबलावर ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत सह्या घेतल्या गेल्या, वाचायचं राहून गेलं. आणि भावाला जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकायचंय. ती पर्समधून चष्मा काढते. तो म्हणतो, ‘अगं ताई, वकिलांनी बघितलंय सगळं.’ ती काही बोलत नाही, चष्मा पुसत राहते. संघर्ष उभा राहिला, आणि आवाज कुणीच चढवला नाही.

आता स्पर्श. सुनंदा मेससाठी पोळ्या करत असेल, तर वर्षानुवर्षं तवा आणि भांड्यांच्या साबणाने तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असणार. अशा हाताचा ठसा यंत्र पटकन घेत नाही. रेशन दुकानातही हे दिसतं. ऑपरेटर म्हणतो, ‘मावशी, बोट पुसून पुन्हा ठेवा.’ ती पदराला अंगठा पुसते. गार काच, पुन्हा नकार. तेवढ्या वेळात दस्त तिच्यासमोर पडलेला आहे आणि चष्मा डोळ्यांवर आहे. मिळकतीच्या वर्णनात शेताचा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. हे तिला ठाऊक होतं, शेत सोडायचं ठरलंच होतं. पण त्याखाली एक ग्रामपंचायत मिळकत क्रमांक आहे, म्हणजे राहतं घर. घराबद्दल तिच्याशी कुणी बोललेलं नाही. थोड्या वेळाने अधिकारी विचारणार, ‘मजकूर मान्य आहे ना?’ तिचं उत्तर ‘हो’ आलं तरी चालेल. सकाळी तो ‘हो’ सहज निघाला असता, आता त्याची किंमत पडते.

झिजलेल्या अंगठ्याने तिला वाचायला वेळ दिला. पंख्याने काहीच दिलं नव्हतं, म्हणून तो काढून टाकला तरी प्रसंगाचं काही बिघडत नाही.

सातबारा:
बहिणीला सही करू देऊ नका! हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते रद्द करून घ्यायला दिवाणी दावा लागतो, नुसतं मन बदलून भागत नाही. दस्त वाचल्याशिवाय अंगठा द्यायचाच नाही. आमच्या घरात आत्याचं असंच झालं, ती पुन्हा गावी आली नाही.

पाणंद:
सुनंदा कथेतली आहे, माझी बहीण नव्हे. पण हे परत फिरवता येत नाही, ही गोष्ट प्रसंगात कुठेच आलेली नव्हती. ती कुणाच्या तरी तोंडून आणते.

कातळ:
दिवेलागण यांनी जे बांधलं ते नेटकं आहे आणि तरी मला ते नको आहे. घराची ओळ लपवलेली निघाली की भाऊ लबाड ठरतो. वाचक त्याच्यावर चिडतो आणि मोकळा होतो. मूळ परिच्छेदातला भाऊ लबाड नाही. तो बहिणीला स्टँडवर सोडायला येतो. आपल्याकडे कितीतरी बायका सगळं माहीत असून, माहेर तुटू नये म्हणून अंगठा देतात. तिथे रहस्य काहीच नसतं, म्हणूनच ते बोचतं. सुनंदाला घराचं आधीपासून माहीत असू द्या. ‘वाईट वाटत होतं’ आणि ‘खूप गर्दी होती’ ही दोन वाक्यं काढा, बाकी कोरडं राहू द्या. तो कोरडेपणा तिचाच आहे.

दिवेलागण:
लबाडीबद्दलचा आक्षेप मान्य. घराचं लपवू नका. मग तिला दस्त वाचायचा नाही, तिला फक्त एवढंच हवंय की भावाने तोंडाने एकदा विचारावं, ‘ताई, देशील ना?’ तो विचारत नाही, कारण विचारलं तर ती नाही म्हणू शकते, हे त्याच्या मनात कुठेतरी आहे. यंत्र ठसा घेत नाही. मागची माणसं चुळबुळ करतायत. भाऊ पुढे येतो, तिचा अंगठा आपल्या हातात धरतो आणि काचेवर दाबतो. ठसा उमटतो.

ती राजीखुशीने द्यायला आली होती. आता तिच्याकडून घेतलं गेलं. भाऊ अजूनही वाईट माणूस नाही, त्याला मदतच करायची होती.

पण ‘बाकी कोरडं राहू द्या’ याच्याशी माझं जमत नाही. स्टँडचा भाग उचलून कार्यालयाच्या आधी ठेवून बघा. शब्दही न बदलता तो तिथे चालला, तर मधे काहीही घडलेलं नाही. मूळ परिच्छेदात तो चालतो: भावाने तिला स्टँडवर सोडलं, बस्स. तो चालेनासा व्हायला हवा.

जुईली:
म्हणजे अंगठा धरला तेव्हाचा त्याच्या हाताचा घाम लिहायला हवा ना?

दिवेलागण:
त्याचा हात तिने शेवटचा कधी धरला होता, ते तिला आठवत असेल तर लिहा. नुसता घाम नको.

कातळ:
अंगठा दाबणं घेतलं, ते माझ्या सूचनेपेक्षा चांगलं आहे. पण त्यानंतर स्टँडवर बदल दाखवायला गेलात की लेखक बोलू लागतो. ती तिकिटाचे पैसे घेत नाही, खिडकीतून वळून बघत नाही, असलं काहीतरी येणार. वाचकाने अंगठा पाहिला आहे, त्याला पुन्हा का दाखवायचं? मी तर स्टँडचं वाक्यच काढून टाकीन.

पाणंद:
ते मला काढायचं नाही. पुढच्या प्रकरणात दिवाळीला तो तिला आणायला त्याच स्टँडवर येतो, ते बांधलेलं आहे. भावाने अंगठा धरण्याचं घेते. स्टँडवर भाऊ नेहमीसारखा वागेल, पिशवी वर चढवून देईल, आणि सुनंदा पहिल्यांदाच त्याला ‘तू निघ आता’ म्हणेल. एरवी ती बस सुटेपर्यंत त्याला थांबवते, हे मी सुरुवातीला कुठेतरी पेरते.

कातळ:
‘तू निघ आता’ हे मला अजूनही एक वाक्य जास्त वाटतं.

दिवेलागण:
मला नाही वाटत. फक्त ‘पहिल्यांदाच’ हा शब्द काढा. पेरलेलं असेल तर तो लागत नाही.