प्रतिसाद: मागणी टिकून, ऑर्डरी मात्र निम्म्या

> विक्री कमी झालीच नाही, तर यंत्रांच्या ऑर्डरी निम्म्यावर कशा येतात?

कारण ऑर्डर विक्रीच्या आकड्यावर नाही, त्यातल्या वाढीवर ठरते. एका कारखान्यात 100 यंत्रं आहेत, सगळी पूर्ण क्षमतेने चालणारी, आणि दरवर्षी त्यातली 10 बाद होतात असं धरा. विक्री स्थिर असेल तर वर्षाला 10 घ्यायची. विक्री 10 टक्क्यांनी वाढली की 110 लागतात, म्हणजे बदलीची 10 आणि वाढीव 10. ग्राहकाने दहा टक्के जास्त घेतलं, यंत्रवाल्याचा धंदा थेट दुप्पट! पुढच्या वर्षी विक्री त्याच उंचीवर थांबली की पुन्हा फक्त बदलीची 10. आणि ती दहा टक्क्यांनी घसरून 99 यंत्रांपुरती उरली, तर 10 बाद होऊनही 100 हाताशी असतात, ऑर्डर शून्य.

वरच्या हिशोबात एक गोष्ट राहिली. मंदीनंतर हे गणित लगेच उलट फिरत नाही. यंत्रं रिकामी पडलेली असतात, त्यामुळे मागणी वाढली तरी आधी तीच चालू होतात. शिवाय ही वाढ टिकेल याची खात्री पटेपर्यंत मालक जादा पाळी लावून भागवतो. म्हणून प्रत्यक्ष आकड्यांत गुंतवणूक उशिरा हलते, आणि ती या हिशोबाइतकी नेमकी कधीच नसते.