"रात्री उरणारे पॅटिस कमी करा" – मॉडेलनं नेमकं काय सांगायचं?

भाचा: काकांच्या बेकरीत रोज रात्री पॅटिस फेकावे लागतात. काका म्हणतात, "कॉम्प्युटरवर बघ आणि काहीतरी कर." दोन वर्षांची बिलं आहेत. सुरुवात कुठून करू?

सरळरेषा: रोजची विक्री हे टार्गेट, म्हणजे मॉडेलनं ओळखायचा आकडा. वार, सण, पाऊस ही फीचर्स, म्हणजे ज्यांवरून तो ओळखायचा त्या गोष्टी. सरासरी चूक कमी आली की काम झालं.

गल्ला: विक्री टार्गेट धरलीत तर फसाल. ज्या दिवशी पॅटिस सहालाच संपले, त्या दिवशीच्या बिलांतून मागणी कळत नाही, माल किती होता तेवढंच कळतं. मॉडेल तोच आकडा शिकणार आणि उद्याही सहाला संपणार.

बिलांवर वेळ असतेच. माल शिल्लक राहिलेल्या दिवशी सहापर्यंत साधारण किती टक्के जातात ते काढा. समजा 75 टक्के. मग सहाला 60 वर संपलेल्या दिवशी मागणी 80 च्या आसपास धरा.

आणि कारागिराला आकडा कधी सांगता? आदल्या रात्री ना? मग उद्या प्रत्यक्ष किती पाऊस पडला हे फीचर चालणार नाही, तेव्हा हाती असलेला अंदाज घ्या. नाहीतर चाचणीत झकास आणि दुकानात बोंब.

सरळरेषा: टार्गेटचं पटलं. पण चूक ती चूक, सरासरीच बघा.

गल्ला: भाच्या, पॅटिस पडतो कितीला आणि विकता कितीला?

भाचा: 15 ला पडतो, 25 ला विकतो.

गल्ला: मग एक कमी पडला तर 10 बुडतात, एक उरला तर 15. दोन्ही चुका सारख्या नाहीत. कमी पडल्याचा तोटा भागिले दोन्ही तोट्यांची बेरीज, 10 भागिले 25 म्हणजे 0.4. दहापैकी साधारण चारच दिवस माल पुरेल असा आकडा हवा, मधला अंदाज नको. मॉडेलही रोजच्या बुडीत रुपयांवर तपासा, आणि "गेल्या आठवड्यात याच वारी जेवढे, तेवढेच" या साध्या नियमाशी ताडून बघा.

डबेवाली: माझे डबे आदल्या रात्रीच बुक होतात, तरी भात उरतो! ऑर्डर आधी घ्या, मॉडेल कशाला?

सरळरेषा: ताई, पॅटिस कोण बुक करतं?

काउंटरवरून: दहापैकी सहा दिवस "संपले" म्हणायचं? बोलणी मी खाते! गिऱ्हाईक पॅटिसला येतं आणि केक, थंड पेयही घेतं. नाही म्हटलं की सगळंच समोरच्या दुकानात जातं.

गल्ला: मुद्दा बरोबर आहे. एक कमी पडल्याचा तोटा 10 ऐवजी 45 धरला तर बेरीज 60, आणि 45 भागिले 60 म्हणजे 0.75. सल्ला एकदम उलटतो.

सरळरेषा: पण 45 कुठून आणला? हवेतून!

गल्ला: हवेतूनच. पॅटिस असलेल्या बिलांत बाकी काय असतं ते बघून थोडा आधार मिळेल, पण आकडा काकांनीच ठरवायचा.

भाचा: विचारलं. म्हणाले, "ट्रे रिकामा दिसायला नको आणि उरायलाही नको."

गल्ला: मग असं विचारा: एक गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून किती पॅटिस फेकायची तयारी आहे?